नऊची शाळा आणि साताची शाळा



शनिवारी धाकटीच्या वहीत शाळेची चिठ्ठी निघाली. सोमवारपासून पहिली ते चौथीची शाळा सात ते बाराऐवजी नऊ ते दोन. कारण एकाच ओळीत: ‘शासनाच्या आदेशानुसार’.

आदेशामागचं कारण खरं तर आपल्याच घरातलं आहे. मुलं उशिरा झोपतात, त्यांची झोप पुरी होत नाही, हे तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर 2023 मध्ये बोलून दाखवलं. मग 8 फेब्रुवारी 2024 ला शालेय शिक्षण विभागाने सांगितलं की 2024-25 पासून पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत.

मला निर्णय पटतो. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्यानंतर 48 मिनिटांनी नवकारसी. सातची शाळा म्हणजे नवकारसी करणारं मूल रिकाम्या पोटी वर्गात बसणार. नऊला ते दूध-पोळी खाऊन जाईल.

पण थोरला सहावीत आहे आणि त्याची शाळा सातलाच. त्याच्या डब्यासाठी दिवा पाचला लागतो, भांडी वाजतात, धाकटी उठून बसते. आमच्या घरात नऊची शाळा झाली, पण झोप वाढली नाही. रिक्षाच्या मात्र दोन फेऱ्या झाल्या.

दुसरी अडचण उन्हाची. जुलैत दोनला सुटणं ठीक, पण एप्रिलात सुलतानपूरच्या उन्हात दोनला घरी यायचं? मार्च 2025 मध्ये शासनानेच उन्हामुळे प्राथमिक शाळा सात ते सव्वाअकरा भरवायला सांगितलं. म्हणजे उन्हाळ्यात पुन्हा सात.

म्हणून शाळेच्या चिठ्ठीत दोन तारखा हव्यात: नवी वेळ कधीपासून आणि उन्हाळी वेळ कधीपासून. दोन्ही निदान पंधरा दिवस आधी कळाव्यात. सुटायची वेळ कशी ठरवली, तेही लिहावं. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत वर्षाला 200 दिवस आणि 800 तास शिकवणं आहे, म्हणजे दिवसाला चार तास. अर्ध्या तासाची सुट्टी धरली तरी नऊची शाळा दीडला सुटू शकते. मग दोन का, हे पालकसभेत विचारायला हवं.

उरलेलं आपल्या हातात. आपल्याकडे जेवण सूर्यास्ताआधी होतं, तरी मुलं अकरापर्यंत जागी असतात, कारण मोबाईल. सकाळचे दोन तास मिळाले म्हणून रात्र दोन तास लांबली, तर मुलाच्या पदरात काय पडलं? आमच्याकडे धाकटीची झोपायची वेळ साडेनऊ होती, ती तशीच ठेवली आहे. थोरल्याचा डबा आता मी रात्रीच चिरून-निवडून ठेवते, म्हणजे सकाळी भांडी कमी वाजतात. काल ती साडेसहापर्यंत झोपली.

तुमच्या घरी एक सातला आणि एक नऊला असेल, तर तुम्ही कसं जमवता?