जुनी तिकिटे चालतील

ठरलेली भेट ऐनवेळी रद्द होणे हा प्रसंग लग्न ठरलेल्यांच्या वाट्याला येतो, तसाच दहा वर्षे संसार केलेल्यांच्याही. कारण बहुधा खरे असते, दोष कोणाचाच नसतो. तरीही पुढच्या पाच मिनिटांत भ्रमणध्वनीवर जे टंकले जाते, त्यावर ती भेट नुसती पुढे गेली की मनातून उतरली, हे ठरून जाते. आज त्या पाच मिनिटांविषयी आणि त्यानंतर पाठवायच्या एका खेळकर निरोपाविषयी बोलू.

पुण्यातील एक जोडपे डोळ्यांसमोर आणा. तो चाकणच्या एका कारखान्यात यंत्रदुरुस्तीच्या विभागात आहे, ती शाळेत शिक्षिका. धाकटी लेक झाल्यापासून दोघे एकटे असे कुठे गेलेलेच नाहीत. मे महिन्यातला एक शनिवार ठरतो : त्याची पहिली पाळी संपली की पर्वती चढायची, वरून मावळतीचे शहर पाहायचे आणि खाली उतरून आंबा मस्तानी प्यायची. लेकीला आत्याकडे पोहोचवलेले आहे, मोरपंखी साडीला इस्त्री झालेली आहे. साडेतीन वाजता त्याचा निरोप येतो, ‘प्रेस मशीन बंद पडलंय, रात्र होईल. आज जमणार नाही गं.’

तिच्या बोटांवर पहिले उत्तर येते ते असे : ‘ठीक आहे. बघू नंतर.’

हे उत्तर वरकरणी समंजस आहे आणि म्हणूनच घातक आहे. ‘ठीक आहे’ पुढचा पूर्णविराम वाचणाऱ्याला दार लोटल्यासारखा ऐकू येतो आणि ‘बघू नंतर’ म्हणजे बेत अनिश्चित काळासाठी फडताळात गेला. तो संध्याकाळभर यंत्राशी झगडत असताना मनात एकच प्रश्न घोळवील, रागावली असेल का? आणि अपराधी वाटणारा माणूस नवा दिवस सुचवायला धजत नाही, हे आपण सगळेच जाणतो.

त्या क्षणी पुरते एवढेच : ‘कळलं. सावकाश कर, जेवून घे. नवा दिवस मी रात्री कळवते.’ यात विनोद नको. समोरचा अडचणीत असताना केलेली थट्टा त्याच्या अडचणीची थट्टा वाटते. खेळकर निरोपाची वेळ नंतरची, काम संपून तो घरी निघाला असेल तेव्हाची. शिवाय मधल्या चार-पाच तासांत आपलाही हिरमोड निवतो, आणि तो निवल्यावाचून खेळकरपणा साधत नाही.

रात्री तिने पाठवलेला निरोप असा :

‘रसिकांस नम्र सूचना. पर्वतीवरील आजचा प्रयोग प्रेस मशीनने रुसवा धरल्यामुळे पुढे ढकलण्यात आला आहे. नवा प्रयोग येत्या गुरुवारी, सायंकाळी सहा वाजता. जुनी तिकिटे चालतील. मस्तानी एकच आणि चमचे दोन, ही अट कायम. मोरपंखी साडी कपाटात गेली असून गुरुवारपर्यंत कोणालाही दर्शन देणार नाही. लेकीची व्यवस्था आत्याकडे झाली आहे. गुरुवार गैरसोयीचा असल्यास पुढच्या शनिवारचा खेळ राखून ठेवला आहे. कृपया १ किंवा २ एवढेच कळवावे.’

नाट्यगृहाच्या फलकाची भाषा उसनी घेतल्याने निरोपाला आपसूक मजा आली आहे. पण त्याचे खरे बळ दुसरीकडे आहे. विनोदाचा रोख पाहा : रुसवा धरला तो यंत्राने. हेच वाक्य ‘प्रमुख नट न आल्यामुळे’ असे झाले असते तर शब्द तितकेच गमतीदार राहिले असते, पण बोट नवऱ्याकडे वळले असते. लिहिणाऱ्याला ती गंमतच वाटते, वाचणाऱ्याला नाही. जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काहींना ई-मेलने उपरोधिक आणि सरळ वाक्ये लिहून पाठवायला सांगितले होते. शंभरातील सुमारे ७८ वेळा आपला सूर ओळखला जाईल असे लिहिणाऱ्यांना वाटत होते, प्रत्यक्षात तो ५६ वेळा ओळखला गेला. नाणे उडवून अंदाज बांधला असता तरी ५० वेळा बरोबर आला असता! आवाज नसलेल्या मजकुरात थट्टा आणि टोमणा यांचे रूप एकच असते, आणि शेवटी हसरा चेहरा चिकटवल्याने टोमण्याचे लाडू होत नाहीत.

आपल्या मराठीत तर टोमणा एकेका अव्ययात दडून बसतो. ‘गुरुवारी ये’ आणि ‘गुरुवारी तरी ये’ यांत दोनच अक्षरांचा फरक, पण दुसऱ्यात मागच्या सगळ्या चुकांची यादी आहे. ‘एकदाचे’, ‘म्हणे’, ‘नेहमीप्रमाणे’, ‘तुला वेळ असेल तर’ ही त्याचीच भावंडे. पाठवण्यापूर्वी निरोप एकदा मोठ्याने, रागावलेल्या आवाजात वाचून पाहावा. त्या आवाजातही तो बोचत नसेल तर खुशाल पाठवावा.

उत्सुकता टिकते ती तपशिलांमुळे. ‘मग मज्जा करू’ यात डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. एक पेला, दोन चमचे आणि कपाटात दडलेली साडी मात्र चार दिवस मनात राहतात. असा एखादाच तपशील नवा असावा आणि बाकीचे जुन्या बेतातलेच असावेत, म्हणजे भेट तीच आहे, फक्त पुढे सरकली आहे, हे जाणवते. आणि दिवस नेमका हवा. गुरुवार त्याच्या साप्ताहिक सुट्टीचा आहे, लेकीची सोय झालेली आहे, म्हणून त्याला विचार करायचे उरले ते फक्त एक की दोन. दुसरा पर्याय देण्यात मोकळीक आहे. चार पर्याय दिले तर पुन्हा चर्चासत्र भरते.

त्याचे उत्तर आले : ‘१. नट दाढी करून हजर राहील. चमचे कोण आणणार?’ खेळ स्वीकारला गेल्याची ही खूण. त्याऐवजी ‘सॉरी, खरंच सॉरी’ असे लागोपाठ आले असते तर तिने ओळखायचे होते की गंमत पोहोचली नाही, ओझे पोहोचले. अशा वेळी दुसरा विनोद पाठवू नये, फोन करावा. आवाज जे सांगतो ते अक्षरे सांगत नाहीत. नुसते ‘बघू’ आले तर पाळ्यांचे वेळापत्रक कधी लागते एवढे साधेपणाने विचारून तिथेच थांबावे.

या निरोपाची मर्यादाही ध्यानात असू द्या. भेट आजारपणामुळे किंवा घरातील दुःखामुळे राहिली असेल तर फलकाची भाषा शोभत नाही, तिथे विचारपूस हवी आणि नव्या तारखेची घाई नको. तीच भेट तिसऱ्यांदा पुढे जात असेल, तर खेळकरपणा हा न बोललेल्या रागावरचा रंग ठरतो. तेव्हा निरोप नकोच. रात्री जेवणानंतर समोर बसून, ‘मला या संध्याकाळची फार गरज आहे, ती कशी जमवायची?’ असे सरळ म्हणावे.

चमच्यांच्या प्रश्नाला तिने उत्तर दिले नाही. ते तिने गुरुवारपर्यंत राखून ठेवले.