चौथी अवस्था म्हणजे चौथी पायरी नव्हे : ॐ शिकवताना होणारा घोळ



आपल्या आंबिवलीच्या पुढचं स्टेशन टिटवाळा, म्हणजे महागणपतीचं गाव. त्यामुळे आपल्या भागातल्या कितीतरी मुलांना गणपती अथर्वशीर्ष तोंडपाठ असतं. आपल्याकडच्या प्रचलित पाठात गणपतीला एक विशेषण लावलेलं आहे : अवस्थात्रयातीत. तीन अवस्थांच्या पलीकडचा. मुलं हा शब्द धडाधड म्हणून पुढे जातात. कधीतरी त्यांना मध्येच थांबवून विचारा, "बाळांनो, या तीन अवस्था कोणत्या?" बालपण, तारुण्य, म्हातारपण असं उत्तर हमखास येईल.

त्या तीन अवस्था म्हणजे जागृती, स्वप्न आणि गाढ झोप, म्हणजेच सुषुप्ती. त्यांचा आणि ॐचा संबंध सांगणारं मूळ पुस्तक म्हणजे अथर्ववेदाचं मांडूक्य उपनिषद. ते अवघ्या 12 मंत्रांचं आहे, एका पानावर मावेल एवढं. पण आपण ते शिकवताना एक चूक सर्रास होते. फळ्यावर चार पायऱ्या काढायच्या, खाली जागृती, मग स्वप्न, मग सुषुप्ती आणि सगळ्यात वर "तुरीय". माझं स्पष्ट मत असं की ही आकृती फळ्यावर काढूच नये. मूळ ग्रंथ जे सांगतो त्याच्या बरोबर उलट ती शिकवते.

कसं ते आपल्या रोजच्या उदाहरणातून बघू.

समजा, एक गृहस्थ संध्याकाळी कसारा लोकलने घरी येताहेत. ठाण्याला कशीबशी खिडकी मिळाली. गाडीतली गर्दी, बाजूच्याच्या मोबाइलवरचं गाणं, पायाखालची बॅग, सगळं त्यांना कळतंय. जाणीव बाहेर वळलेली आहे. ही जागृती. उपनिषद या अवस्थेतल्या "मी"ला वैश्वानर म्हणतं आणि त्याला 19 तोंडं आहेत असं सांगतं. मुलांना याची गंमत वाटते. पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच प्राण आणि मन, बुद्धी, चित्त, अहंकार हे चार, असा तो हिशोब आहे. जगाचा घास घ्यायची ही 19 दारं.

डोंबिवली गेल्यावर त्यांचे डोळे मिटतात. आता ते गावच्या शेतात उभे आहेत, डोक्यावर टळटळीत ऊन आहे. डोळे तर बंद, बाहेर रात्र पडलेली. मग हे ऊन आलं कुठून? ते त्यांच्याच मनाचं. स्वप्नात वस्तूही आपल्या आणि त्या दिसण्यासाठी लागणारा उजेडही आपलाच, म्हणून या अवस्थेतल्या "मी"ला नाव आहे तैजस, तेजाचा बनलेला.

कल्याणनंतर स्वप्नही संपतं. आता ना गाडी, ना शेत. काही हवंसं वाटत नाही, काही दिसत नाही. ही सुषुप्ती. इथे वेगवेगळं कळणं एकत्र गोळा होऊन जातं, जसं अंधारात घर, झाड, रस्ता वेगळे राहत नाहीत. या "मी"चं नाव प्राज्ञ. आणि अशा झोपेत आंबिवली येतं आणि निघूनही जातं! टिटवाळ्याला कोणीतरी हलवून उठवतं.

घरी पोचल्यावर ते काय सांगतात? "ठाण्याला मी जागाच होतो. मग मला स्वप्न पडलं. नंतर मला अशी गाढ झोप लागली की काही कळलंच नाही."

या तीन वाक्यांत अवस्था तीन वेळा बदलली, पण "मी" एकच राहिला. जागा होता तो वेगळा आणि झोपला तो वेगळा, असं त्यांना क्षणभरही वाटत नाही. तिन्ही अवस्था ज्याच्यावर येऊन गेल्या तो, म्हणजे उपनिषदाचा चौथा. तो कल्याणनंतर कधीतरी अवतरला असं नाही. ठाण्यालाही तो होता आणि टिटवाळ्यालाही.

म्हणूनच सातव्या मंत्रात चौथ्याचं वर्णन जवळजवळ सगळं "नाही"मध्ये आहे. बाहेर वळलेली जाणीव म्हणजे तो नाही, आत वळलेली नाही, आणि झोपेतला तो जाणिवेचा गोळाही नाही. म्हणजे चौथा म्हणजे "आणखी गाढ झोप" हा अर्थ ग्रंथच स्पष्टपणे नाकारतो. आणखी एक बारकावा आहे. या 12 मंत्रांत "तुरीय" हा शब्दच नाही. तिथे साधा "चतुर्थ" आहे. तुरीय हे नाव पुढे गौडपादांच्या 215 कारिकांमध्ये येतं.

मग चार म्हटलंच कशाला? दुसऱ्या मंत्रात आत्म्याला "चार पाद" असल्याचं सांगितलं आहे. शंकराचार्यांना हा घोटाळा होणार हे आधीच दिसलं होतं. त्यांनी भाष्यात बजावलं की हे पाद गाईच्या चार पायांसारखे समजू नका, कार्षापण नावाच्या नाण्याच्या भागांसारखे समजा. आपल्या भाषेत हे फारच सोपं आहे. चार आणे, आठ आणे, बारा आणे, रुपया. चार आणे आठ आण्यांत मिसळतात, आठ आणे बारा आण्यांत आणि सगळे मिळून रुपयात. रुपया हा बाकी तिघांच्या शेजारी ठेवलेला चौथा तुकडा नसतो. जुनी नाणी माहीत नसतील तर पाव, अर्धा, पाऊण, एक असं घ्या. पाचवीच्या मुलालाही कळतं.

आता ॐकडे येऊ. उपनिषद ॐच्या आवाजाबद्दल बोलतं. आपण व्याकरणात अ + उ = ओ ही संधी शिकवतोच, सूर्य + उदय = सूर्योदय. तसाच अ, उ आणि म् मिळून ओम्. अ म्हणताना तोंड उघडं असतं आणि आवाज कंठातून निघतो. उला ओठ गोल होतात. म्ला ओठ मिटतात. मुलांना हात ओठांवर ठेवून हे सावकाश करायला लावा, त्यांना स्वतःलाच कळेल.

अ म्हणजे जागृती, कारण तो पहिला आणि सगळीकडे पसरलेला. (आपल्या बाराखडीतला क घ्या. त्यातही अ दडलेला आहे.) उ म्हणजे स्वप्न, कारण तो दोघांच्या मधला, एका बाजूला जाग आणि दुसरीकडे झोप. म् म्हणजे सुषुप्ती, कारण त्यात बाकीचे दोघे जाऊन मिळतात आणि ओठ बंद होतात. चौथ्यासाठी मात्र अक्षर नाही. बाराव्या मंत्रात त्याला अमात्र म्हटलं आहे, ज्याला मात्राच नाही असा.

इथे दुसरा घोळ होतो. ॐ या चिन्हाचं एक चित्र फिरत असतं. खालचा मोठा वळसा जागृती, बाकीचे वळसे स्वप्न आणि झोप, चंद्रकोर म्हणजे माया आणि वरचा बिंदू म्हणजे तुरीय. चित्र सुबक आहे, पण मांडूक्यात चिन्हाच्या आकाराबद्दल एक शब्द नाही. तमिळ लिपीत ओम् वेगळ्याच आकाराचा असतो, त्यावर हे वळसे बसवताच येत नाहीत. आणि ज्याला मात्रा नाही त्याला बिंदू देऊन आपण त्याची पुन्हा चौथी वस्तू करून ठेवतो. आपल्या ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये हेच ॐ गणेशाच्या रूपात मांडलं. अकार म्हणजे दोन पाय, उकार म्हणजे मोठं पोट, मकार म्हणजे मस्तक. चौथा अवयव त्यांनी दिलाच नाही. तिन्ही एकवटतात तिथे शब्दब्रह्म सापडतं, असं ते म्हणतात.

तिसरा घोळ हल्लीचा आहे, मेंदूच्या लहरींचा तक्ता. चार लहरी, चार अवस्था, लावा जोड्या! झोपेचं विज्ञान बाहेरून, तारा लावून मोजतं. त्यात रात्रीच्या झोपेची साधारण 90 मिनिटांची आवर्तनं दिसतात आणि डोळे भराभर हलणाऱ्या झोपेखेरीज इतर झोपेतही काही जणांना स्वप्नं पडतात. उपनिषद अवस्थांची वाटणी स्वतःच्या अनुभवावरून करतं. दोन्ही गोष्टी जरूर शिकवा, पण वेगवेगळ्या तासाला. चौथ्याला तर लहर असूच शकत नाही, कारण ती असती तर तीही येणारी-जाणारी अवस्थाच ठरली असती.

मुलाला कळलं की नाही हे ओळखायची कसोटीही यातूनच मिळते. ओम् म्हणून झाल्यावर शांत बसवलं आणि मूल म्हणालं, "सर, मला दोन सेकंद चौथी अवस्था आली!" तर त्याला रागावू नका. एवढंच विचारा, "आली आणि गेली, हे कोणाला कळलं?" नंतरची शांतता ही फक्त खूण आहे. उलट, "मला काहीच जाणवलं नाही" म्हणणारं मूल नापास झालेलं नाही. इथे मिळवायचं असं काही नाहीच. "चौथ्या अवस्थेपर्यंत नेणारे" वर्ग मुलांसाठी शोधणाऱ्या पालकांनी एवढं ध्यानात ठेवावं.

एखादं हुशार मूल आक्षेप घेईल, "गाढ झोपेत मी होतो कशावरून? उठल्यावर ताजंतवानं वाटलं म्हणून मी नुसता अंदाज केला." शाबासकी द्या. नैयायिकांनीही हेच म्हटलं होतं, की ते अनुमान आहे. अद्वैती म्हणतात, नाही, ती आठवण आहे, आणि जे अनुभवलंच नाही ते आठवणार कसं? शतकानुशतकं चाललेला हा वाद आहे. तो वर्गात मिटवायची गरज नाही. दोन्ही बाजू फळ्यावर लिहा आणि मुलांना भांडू द्या.

तेव्हा शिक्षक मित्रांनो, "चार अवस्थांची नावे लिहा" हा प्रश्न आता काढून टाकू या. त्याऐवजी विचारू, "तीन अवस्था सांगा आणि चौथ्याला अवस्था का म्हणता येत नाही ते लिहा." पालकांनी रविवारी सकाळी, मूल नुकतंच उठलेलं असताना, एवढंच विचारावं, "झोप छान लागली, हे तुला कसं कळलं रे?" आणि उत्तर द्यायची घाई आपण करू नये.