नोटिशीला उत्तर दिले. पोच नाही, हुकूम नाही



राहात्याचे नाव निघाले की लोकांना पेरूच्या बागा दिसतात. पण कपाशी आणि ज्वारीवर जगणाऱ्या आपल्यासारख्या जिरायती शेतकऱ्याची सारी पत एका कागदावर उभी असते, आणि तो कागद म्हणजे सातबारा. तो हातचा कसा जातो, ते आमच्यातल्याच एका भावाच्या प्रकरणावरून सांगतो.

बाप वारल्यानंतर थोरल्याने वाटणीची वर्दी दिली. खालची काळी जमीन त्याच्या नावे आणि वरचा मुरमाड तुकडा धाकट्याच्या नावे, अशी ती वाटणी. धाकट्याला फेरफाराची नोटीस आली. त्याने 12 फेब्रुवारीला चावडीत जाऊन लेखी उत्तर दिले : वाटणी मान्य नाही, संमतीच्या कागदावरची सही माझी नाही. कागद ठेवून घेतला गेला. पोच मागितली तर "कळवू" म्हणाले. जूनमध्ये पीककर्जासाठी सातबारा काढला, तेव्हा नोंद मंजूर होऊन बसलेली होती. चार महिने तो हुकमाची वाट पाहत होता आणि दप्तराच्या लेखी त्याची हरकत कधी आलीच नव्हती.

भावांनो, येथे कायदा आपल्या बाजूचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 150 पाहा. हरकत तोंडी असो वा लेखी, तलाठ्याने ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6-अ मध्ये, चढवलीच पाहिजे आणि हरकत घेणाऱ्याला ताबडतोब लेखी पोच दिली पाहिजे. मग प्रकरणाची सुनावणी होऊन शक्यतो वर्षाच्या आत निकाल व्हायचा असतो. तलाठ्याला 2024 पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण नाव बदलल्याने हे काम बदललेले नाही.

म्हणून पोच म्हणजे नुसता शिक्का नव्हे. हरकत 6-अ ला लागली, तर नोंद वादाची ठरते आणि सुनावणीशिवाय मंजूर होत नाही. लागली नाही, तर मुदत संपताच तीच नोंद बिनवादाची म्हणून मंजूर होते. कागद गठ्ठ्यात पडून राहिला तर नुकसान एकट्या शेतकऱ्याचे होते. कारकुनाचे काहीच जात नाही.

आपलेही चुकते. आपण उत्तराला "खुलासा" किंवा "विनंती अर्ज" म्हणतो, आणि तो साध्या टपालात जातो. त्यावर स्पष्ट "हरकत" लिहा आणि फेरफार क्रमांक घाला. तीन-चार महिन्यांनी स्मरणपत्र लिहायची वेळ आली, तर आपण "सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा" असे लिहितो. सहानुभूतीला उत्तर द्यायचे बंधन कोणावर नाही. स्मरणपत्र असे असावे :

"फेरफार क्रमांक अमुकच्या नोटिशीस आम्ही दिनांक 12 फेब्रुवारी रोजी लेखी हरकत दिली. तिची पोच आजपर्यंत मिळालेली नाही, सुनावणीची नोटीस नाही, निर्णयही नाही. तरी, 1) हरकत गाव नमुना 6-अ मध्ये कोणत्या क्रमांकाने नोंदली, 2) कलम 150 प्रमाणे पोच कधी देणार, 3) सुनावणी कोणासमोर व कोणत्या तारखेस आहे, हे लेखी कळवावे. नोंद मंजूर केली असल्यास त्या हुकमाची नक्कल द्यावी. मूळ हरकतीची प्रत सोबत जोडली आहे."

हे पत्र तलाठ्याला द्या आणि प्रत मंडळ अधिकारी व तहसीलदारांना पाठवा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. नकार मिळाला तर टपालाने पोचपावतीसह पाठवा.

काहीजण म्हणतील, सात दिवसांत फाईल निकालात काढायचा कायदा आहे की! दफ्तर दिरंगाईचा तो कायदा 2005 चा. पण न्यायिकवत प्रकरणे त्यातून वगळलेली आहेत, आणि फेरफाराच्या वादाची सुनावणी त्यातच मोडते. म्हणून स्मरणपत्रात तो कायदा पुढे करू नका, कलम 150 धरा. उत्तर नाहीच आले, तर 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात नमुना 6 व 6-अ मधील त्या नोंदीच्या प्रमाणित नकला मागा. त्याला 30 दिवसांची मुदत आहे. 6-अ मध्ये आपली हरकत नसेल, तर तीच कोरी जागा आपला पुरावा.

मात्र एक ध्यानात ठेवा. स्मरणपत्राने अपिलाची मुदत थांबत नाही. नोंद मंजूर झाल्याचे कळताच हुकमाची नक्कल काढा आणि 60 दिवसांच्या आत प्रांताकडे अपील करा. उशीर झालाच असेल, तर विलंब माफीचा अर्ज जोडा. त्या अर्जाला आवक क्रमांकाचे स्मरणपत्र उपयोगी पडते : आम्ही झोपलो नव्हतो, विचारत होतो, हे त्यातून दिसते.

त्या भावाकडे मूळ हरकतीची दुसरी प्रतसुद्धा नव्हती. पुढच्या बैठकीला येताना, ज्यांनी ज्यांनी चावडीत कागद दिले आहेत, त्यांनी आपापली सहीची प्रत घेऊन यावे. ज्यांच्याकडे ती नाही, त्यांचे स्मरणपत्र तेथेच बसून लिहू.