ओपन ऑफर म्हणजे काय? एनडीटीव्हीच्या शेअरधारकांना नंतर ४८ रुपये ६५ पैसे जास्त का मिळाले?

२३ ऑगस्ट २०२२ रोजी अदानी समूहाने एनडीटीव्ही या वृत्तवाहिनीच्या कंपनीतला २९.१८ टक्के हिस्सा आपल्याकडे येत असल्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी आणखी एक घोषणा झाली. सर्वसामान्य शेअरधारकांकडून २६ टक्के शेअर्स २९४ रुपये दराने विकत घेण्याची तयारी समूहाने दाखवली. बाजारात मात्र त्याच शेअरचा भाव २९४ पेक्षा बराच वर होता.

मग सोशल मीडियावर प्रश्न सुरू झाले. बाजारात जास्त पैसे मिळत असताना कमी दराची ऑफर कशासाठी? समूहाला एवढे शेअर्स खरंच हवे होते का? आणि ज्यांनी २९४ रुपयांना शेअर्स देऊन टाकले, त्यांचं पुढे काय झालं?

या प्रश्नांची उत्तरं सेबीच्या २०११ च्या टेकओव्हर नियमांमध्ये आहेत. शेअर बाजारात नोंदलेल्या कुठल्याही कंपनीची मालकी बदलते तेव्हा हेच नियम लागू होतात.

ओपन ऑफर कधी द्यावी लागते?

कंपनीचा मालक बदलला की छोट्या शेअरधारकाचं भवितव्यही बदलतं. त्याने पैसे गुंतवले ते जुन्या मालकांकडे बघून. नवा मालक त्याला पसंत असेलच असं नाही. शिवाय मोठ्या भागधारकाला हिस्सा विकताना चांगली किंमत मिळते आणि छोट्याला कुणी विचारतही नाही, असं होऊ शकतं. म्हणून नियम सांगतो की नव्या मालकाने बाकीच्या शेअरधारकांनाही बाहेर पडायची संधी दिली पाहिजे. या सक्तीच्या संधीला ओपन ऑफर म्हणतात.

ही सक्ती मुख्यतः तीन प्रसंगांत येते. एखाद्याचे मताधिकार २५ टक्के किंवा त्याहून जास्त झाले, तर. आधीच २५ टक्क्यांच्या वर असलेल्याने एका आर्थिक वर्षात ५ टक्क्यांहून जास्त हिस्सा वाढवला, तर. आणि तिसरा प्रसंग म्हणजे शेअर्स कितीही असोत, कंपनीचं नियंत्रण हाती आलं, तर. नियंत्रण म्हणजे बहुसंख्य संचालक नेमण्याचा किंवा कंपनीचे धोरणात्मक निर्णय ठरवण्याचा अधिकार.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी आकड्यांच्या आहेत, त्यामुळे त्यावर फारसे वाद होत नाहीत. वाद होतात ते तिसऱ्या प्रसंगावरून. एनडीटीव्ही हे त्याचं उत्तम उदाहरण आहे.

एक कर्ज आणि १३ वर्षांचा प्रवास

अदानी समूहाने एनडीटीव्हीचा एकही शेअर थेट विकत घेतला नव्हता. समूहाने विकत घेतली ती विश्वप्रधान कमर्शियल नावाची कंपनी, तीही सुमारे ११४ कोटी रुपयांना. या विश्वप्रधानने २००९-१० मध्ये आरआरपीआर होल्डिंग या कंपनीला ४०३.८५ कोटी रुपयांचं कर्ज दिलं होतं. आरआरपीआर ही एनडीटीव्हीचे संस्थापक प्रणय रॉय आणि राधिका रॉय यांची कंपनी, आणि एनडीटीव्हीचे २९.१८ टक्के शेअर्स तिच्याकडे होते.

कर्जाच्या बदल्यात विश्वप्रधानला वॉरंट मिळाले होते. वॉरंट म्हणजे पुढे कधीही ठरलेल्या अटींवर शेअर्स मागून घेण्याचा हक्क. हे वॉरंट वापरले की आरआरपीआर जवळपास पूर्णपणे विश्वप्रधानची होणार होती. ऑगस्ट २०२२ मध्ये नेमकं तेच झालं. वॉरंट वापरल्याची नोटीस आली. आपल्याशी कसलीही चर्चा न करता हे केल्याचं रॉय दाम्पत्याचं म्हणणं होतं.

आरआरपीआर हाती आली की तिच्याकडचे २९.१८ टक्केही हाती येतात. म्हणजे २५ टक्क्यांची रेषा ओलांडली जाते. मधल्या कंपनीमार्फत आडमार्गाने मिळालेला हिस्साही नियमात थेट हिश्श्यासारखाच मोजला जातो. म्हणून ओपन ऑफर द्यावी लागली.

पण ही ऑफर त्याच्या कितीतरी आधी द्यायला हवी होती का? सेबीला तसं वाटत होतं. जून २०१८ मध्ये सेबीने आदेश दिला की, कर्जाच्या करारातल्या अटींमुळे एनडीटीव्हीचं नियंत्रण तेव्हाच आडमार्गाने विश्वप्रधानकडे गेलं होतं, म्हणून तिने शेअरधारकांना ओपन ऑफर द्यावी. विश्वप्रधान त्याविरुद्ध अपिलात गेली. जुलै २०२२ मध्ये सिक्युरिटीज अपिलेट ट्रायब्युनलने सेबीचा आदेश रद्द केला. नुसता वॉरंटचा हक्क असणं म्हणजे नियंत्रण नव्हे, असा त्याचा परिणाम झाला. त्यानंतर साधारण महिन्याभरात अदानी समूहाची घोषणा आली.

यातून शेअरधारकाने एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. कागदावर मालक तोच असतो, पण कंपनीच्या चाव्या कर्जाच्या करारात दुसऱ्याकडे गेलेल्या असू शकतात. ओपन ऑफर मात्र त्या चाव्या प्रत्यक्ष वापरल्या जाईपर्यंत येईलच असं नाही.

२६ टक्केच का?

आपले सगळे शेअर्स नव्या मालकाने घ्यावेत असं छोट्या शेअरधारकाला वाटणं साहजिक आहे. सी. अच्युतन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१० मध्ये तशीच शिफारस केली होती, की ऑफर बाकीच्या १०० टक्के शेअर्ससाठी असावी. पण एवढा पैसा उभा करणं भारतीय कंपन्यांना जड जाईल आणि ताबा घेण्याचे व्यवहारच कमी होतील, असा आक्षेप आला. शेवटी २०११ च्या नियमांत किमान २६ टक्के ठरले. २५ अधिक २६ म्हणजे ५१, असा त्यामागचा साधा हिशेब आहे.

याचा तोटा असा की २६ टक्क्यांपेक्षा जास्त शेअर्स ऑफरमध्ये आले, तर प्रत्येकाचे थोडेथोडेच घेतले जातात. तुम्ही १०० शेअर्स दिले आणि एकूण शेअर्स दुप्पट आले, तर साधारण ५० घेतले जातात आणि उरलेले परत येतात.

एनडीटीव्हीच्या बाबतीत ही वेळ आली नाही. ऑफर १ कोटी ६७ लाख शेअर्ससाठी होती. २२ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर या काळात आले फक्त ५३ लाख, म्हणजे कंपनीच्या ८.२६ टक्के. बाजारभाव ऑफरपेक्षा वर असल्याने बहुतेकांनी शेअर्स दिलेच नाहीत.

किंमत बाजारापेक्षा कमी कशी चालते?

ऑफरची किंमत नव्या मालकाच्या मर्जीवर नसते. नियमात अनेक निकष आहेत आणि त्यातला जो आकडा सर्वांत जास्त असेल, त्याच्या खाली जाता येत नाही. कराराने ठरलेला भाव, मागच्या काही महिन्यांत त्याच खरेदीदाराने मोजलेला भाव आणि बाजारातल्या ६० दिवसांच्या व्यवहारांची सरासरी, असे हे निकष असतात.

यातली सरासरी मागे बघून काढली जाते. शेअर आधीच्या आठवड्यांमध्ये वेगाने वाढला असेल, तर सरासरी आजच्या भावाच्या खाली राहते. एनडीटीव्हीचा शेअर घोषणेच्या आधीच्या महिन्यांत झपाट्याने वर गेला होता. घोषणेनंतर तो आणखी वाढला, पण घोषणेनंतरचा भाव या हिशेबात धरत नाहीत.

म्हणजे किमतीचा नियम हा तळ असतो. त्यामुळे फसवणुकीच्या दराने शेअर्स घेतले जात नाहीत, पण उत्तम भावाची हमी मिळत नाही.

मग ४८ रुपये ६५ पैसे कुठून आले?

ऑफर संपल्यावर आरआरपीआर आणि विश्वप्रधानकडे मिळून ३७.४४ टक्के झाले. ३० डिसेंबर २०२२ रोजी रॉय दाम्पत्याने आपल्या नावावरच्या शेअर्सपैकी २७.२६ टक्के हिस्सा आरआरपीआरला विकला. भाव होता ३४२ रुपये ६५ पैसे. एकूण हिस्सा ६४.७१ टक्क्यांवर गेला.

इतकी मोठी खरेदी ५ टक्क्यांच्या मर्यादेबाहेरची असूनही नवी ओपन ऑफर आली नाही. कारण आरआरपीआर आणि रॉय दोघंही कंपनीचे जुने प्रवर्तक होते, आणि प्रवर्तकांमधल्या आपसातल्या हस्तांतरणाला अटींसह सूट आहे.

इथे छोट्या शेअरधारकांच्या मदतीला आणखी एक नियम आला. ऑफर संपल्यापासून २६ आठवड्यांत खरेदीदाराने जास्त भावाने शेअर्स घेतले, तर ऑफरमध्ये शेअर्स दिलेल्या प्रत्येकाला फरकाची रक्कम ६० दिवसांत द्यावी लागते. बाजारातली नेहमीची खरेदी यात धरत नाहीत, पण ठरवून केलेला सौदा धरतात.

३४२.६५ वजा २९४ म्हणजे ४८.६५. ही रक्कम देणार असल्याचं समूहाने जानेवारी २०२३ च्या सुरुवातीला जाहीर केलं. ज्याने १०० शेअर्स दिले होते त्याला आधी २९,४०० आणि नंतर ४,८६५, असे एकूण ३४,२६५ रुपये मिळाले. संस्थापकांना जो भाव मिळाला, तोच त्यालाही मिळाला.

ऑफरच्या काळात ज्यांनी बाजारात वरच्या भावाने विकले ते अर्थातच जास्त फायद्यात राहिले. आणि ज्यांनी शेअर्स तसेच ठेवले? जानेवारीच्या शेवटी हिंडेनबर्ग रिसर्चचा अहवाल आल्यावर अदानी समूहाचे शेअर्स कोसळले. त्यात एनडीटीव्हीही होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याचा भाव २९४ च्याही बराच खाली गेला होता. फरकाची रक्कम त्यांना मिळायचा प्रश्नच नव्हता, कारण ती फक्त ऑफरमध्ये शेअर्स देणाऱ्यांसाठी असते.

तुमच्याकडे ऑफरचं पत्र आलं तर काय बघायचं?

आधी ऑफरची किंमत आणि त्या दिवसांतला बाजारभाव शेजारी ठेवा. ऑफर वर असेल तर ती किती शेअर्ससाठी आहे ते बघा, म्हणजे आपले सगळे घेतले जातील की काही परत येतील याचा अंदाज येतो. मग कंपनीच्या स्वतंत्र संचालकांच्या समितीचं मत वाचा. किंमत रास्त आहे की नाही, हे त्यांना ऑफर सुरू होण्याआधी लेखी प्रसिद्ध करावं लागतं.

ऑफर १० कामकाजाचे दिवस खुली असते आणि शेअर्स ब्रोकरमार्फत द्यायचे असतात. एकदा दिलेले शेअर्स मागे घेता येत नाहीत. त्यामुळे पहिल्याच दिवशी घाई करण्यात काही फायदा नाही, शेवटच्या एक-दोन दिवसांपर्यंत बाजारभावावर नजर ठेवता येते. पैसे बुडण्याची भीती मात्र कमी असते, कारण खरेदीदाराला ठरावीक रक्कम आधीच एस्क्रो खात्यात ठेवावी लागते. ५०० कोटींपर्यंतच्या ऑफरसाठी ती एकूण रकमेच्या एक चतुर्थांश असते.

आणि पत्रात जुन्या मालकांचा उरलेला हिस्सा किती आहे तेही बघा. तो मोठा असेल आणि पुढच्या सहा महिन्यांत नव्या मालकाने तो जास्त भावाने विकत घेतला, तर फरकाच्या रकमेवर तुमचाही हक्क असतो. पण त्यासाठी तुमचे शेअर्स ऑफरमध्ये स्वीकारले गेलेले असावे लागतात.