फ्रिजवर आळ, वीज गीझरची



आमच्याकडे बिल वाढले की पहिला आळ फ्रिजवर येतो. "दिवसभर घरघरतो, तोच वीज खातो," असे सासूबाईंचे ठाम मत. मग फ्रिज सारखा उघडते म्हणून बोलणी मला! यंदा मुलाने वीज मोजणारा स्मार्ट प्लग आणला आणि हा वाद कायमचा मिटला. त्यावरून माझे एक मत झाले आहे. प्लग जरूर घ्या, पण आकडा कोणता वाचायचा ते आधी समजून घ्या. नाहीतर त्याच आकड्याने चुकीच्याच वस्तूला दोष लागेल.

आधी जोडणीचे. प्लग बोर्डात लावून त्याचे बटण पाच-सहा सेकंद दाबून धरले की दिवा भराभर लुकलुकतो. मग ॲपमध्ये घरच्या वाय-फायचा पासवर्ड द्यायचा. आमचा प्लग दोनदा सापडलाच नाही. कारण साधे होते: असे बहुतेक प्लग 2.4 गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात आणि माझा फोन 5 गिगाहर्ट्झवर होता. फोन दुसऱ्या नावाच्या वाय-फायवर घेतला, मोबाइल डेटा बंद केला, ॲपला जवळची उपकरणे शोधायची परवानगी दिली, आणि प्लग लगेच सापडला.

आता आकडे. ॲपमध्ये दोन आकडे दिसतात. वॅट म्हणजे या क्षणी किती वीज ओढली जाते आहे. kWh म्हणजे आतापर्यंत एकूण किती वापरली. बिलावरचे युनिट ते हेच. घोटाळा इथेच होतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना पाहिले तर 110 वॅट, दहा मिनिटांनी पाहिले तर जवळजवळ शून्य. मी आठवडाभर थांबले. एकूण 8.4 युनिट, म्हणजे दिवसाला 1.2. बिचारा फ्रिज!

मग गीझर. त्याला 16 अँपिअरचा, जाड पिनांचा प्लगच हवा. आमचा गीझर 2000 वॅटचा आहे, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर. लहान प्लग इतका भार रोज पेलेल यावर विसंबू नये. मुख्य स्विच बंद करूनच प्लग लावला आणि पाणी उडणार नाही अशी जागा पाहिली. पहिले काही दिवस हात कोरडा करून प्लग तापतो का तेही पाहिले. तापला किंवा जळका वास आला तर लगेच काढायचा.

आमचा गीझर दिवसरात्र चालू असे. "पाणी तापले की आपोआप बंद होतो, मग वीज कसली जाते?" असे मीच म्हणत असे. एके दिवशी सगळे गावी गेलो, पण गीझर मुद्दाम चालू ठेवला. आलेखात दर तीन तासांनी 2000 वॅटची चार मिनिटांची एक उभी रेघ दिसली. अशा आठ रेघा, म्हणजे बत्तीस मिनिटे. हिशेब एक युनिटच्या थोडा वर गेला. एक तांब्याही पाणी न वापरता! टाकीतले पाणी हळूहळू निवते आणि गीझर ते पुन्हा तापवतो, एवढेच. महिन्याला तीस-बत्तीस युनिट, म्हणजे जवळजवळ फ्रिजएवढी वीज, नुसते पाणी गरम राखायला.

आता पहिल्या आंघोळीआधी वीस-पंचवीस मिनिटे गीझर लावतो आणि शेवटचा माणूस आत जाताना बंद करतो. टाकीत आहे तेवढे पाणी त्याला पुरते. आंघोळीला लागणारी वीज लागणारच, ती काही वाचत नाही. वाचते ती मधल्या वेळेची.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. न्हाणीघरात वाय-फाय क्षीण असते. ॲपमध्ये प्लग 'ऑफलाइन' दिसला तर त्या दिवसाचा आकडा धरू नका. आणि फ्रिजवरचा प्लग मोजणी झाल्यावर काढून टाका. ॲपमध्ये चुकून बोट लागले की फ्रिज बंद पडतो, आणि सकाळी दूध नासल्यावरच ते कळते.

शेवटी एक आग्रह. ॲप मुलाच्या किंवा यजमानांच्या फोनमध्येच ठेवू नका. तुमच्याही फोनमध्ये घ्या. स्विच कधी लावायचा, कधी काढायचा हे आपण ठरवतो, तर आकडाही आपल्याला दिसायला हवा. आमच्या सासूबाईंना मी तो आलेख दाखवला. चष्मा लावून त्यांनी आठ रेघा मोजल्या आणि म्हणाल्या, "मग फ्रिजला उगाच बोलले म्हणायचे." मला बोलल्याचे काही निघाले नाही, पण गीझरचा स्विच आता त्याच बंद करतात.