पहाटेचे पेट्रोल आणि जमिनीखालची टाकी

उन्हाळा तापू लागला की एक सल्ला दरवर्षी हातोहात फिरतो. पेट्रोल सकाळी लवकर भरावे, कारण गारव्यात ते दाट असते आणि तेवढ्याच पैशांत जास्त पदरात पडते. दुपारी भरले तर उन्हाने फुगलेले पेट्रोल गळ्यात मारले जाते. सल्ला देणारे भौतिकशास्त्राचा हवाला देतात आणि तो हवाला खरा आहे. त्यामुळे हा समज हसण्यावारी नेता येत नाही, त्याचा हिशेबच मांडावा लागतो. तो मांडला की दिसते, की नियम बरोबर आहे, पण तो लावताना हवा गार म्हणजे टाकीतले पेट्रोलही गार, असे न तपासताच धरून चालले गेले आहे.

आधी नियम पाहू. पेट्रोल आणि डिझेल ही हायड्रोकार्बनांची मिश्रणे आहेत. त्यांच्या रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारी ओढ क्षीण असते. तापमान वाढले की रेणूंची हालचाल वाढते, त्यांच्यातले अंतर वाढते आणि तेवढ्याच वजनाचे इंधन जास्त जागा व्यापते. पेट्रोलमधले रेणू लहान आणि लवकर उडून जाणारे असल्याने ते जास्त फुगते. दर अंश सेल्सिअसला त्याचे आकारमान हजारात साधारण एक ते सव्वा भाग वाढते. डिझेलचे रेणू मोठे, त्यामुळे त्याची वाढ हजारात पाऊण-एक भागाच्या आसपास राहते. पंपातले मीटर इंधनाचे आकारमान मोजते, वजन करत नाही. इंजिनाला मिळणारी ऊर्जा मात्र वजनावर ठरते. १५ अंशांना ज्या पेट्रोलची घनता प्रति लिटर ७४५ ग्रॅम आहे, त्याचाच एक लिटर ३० अंशांना सुमारे ७३२ ग्रॅम भरतो. मीटरवर दोन्ही वेळा एकच लिटर दिसतो आणि पैसेही तेवढेच लागतात. इथपर्यंत सल्ला देणाऱ्यांचे म्हणणे पूर्ण मान्य करायला हवे.

आता नागपूरचा मे महिना घेऊ. पहाटे हवेचे तापमान २८ अंशांच्या आसपास असते आणि दुपारी ते ४३ अंशांवर जाते. म्हणजे फरक पंधरा अंशांचा. पंपाची टाकी उघड्यावर असती आणि आतले पेट्रोल हवेबरोबर तापत-निवत असते, तर गाडीत ३० लिटर भरणाऱ्याला पहाटे आणि दुपारी मिळणाऱ्या पेट्रोलात अर्ध्या लिटरहून थोडा जास्त फरक पडला असता. शंभर रुपये लिटर धरले तर पन्नासेक रुपये. इतकी रक्कम असती तर पहाटे रांग लावणे शहाणपणाचेच ठरले असते. पण आपल्याकडच्या नेहमीच्या पंपांच्या टाक्या जमिनीत पुरलेल्या असतात, भोवती वाळू भरलेली असते आणि वर काँक्रीटची लादी असते. जमीन उष्णता फार हळू आत नेते. दिवसाच्या उन्हाची आणि रात्रीच्या गारव्याची लाट मातीत दर दहा-बारा सेंटिमीटरला जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येते. मीटरभर खाली पोहोचेपर्यंत पंधरा अंशांच्या फरकाचा मागमूसही उरत नाही. शिवाय टाकीत हजारो लिटर इंधन असते आणि एवढा साठा एका अंशाने तापवायलाही पुष्कळ उष्णता लागते. खोल जमिनीला दिवस-रात्र कळत नाही, तिला ऋतू कळतात आणि तेही उशिराने. दोन मीटर खालचा उन्हाळा वरच्या उन्हाळ्याच्या दीड-दोन महिने मागे चालतो. तेव्हा सकाळी सहा वाजता नोझलमधून येणारे पेट्रोल आणि दुपारी तीनला येणारे पेट्रोल एकाच टाकीतले, जवळपास एकाच तापमानाचे असते. अगदी एका अंशाचा फरक मानला तरी ३० लिटरमागे तो सुमारे ३५ मिलिलिटर होतो, म्हणजे साडेतीन रुपये.

मग टाकीतले तापमान बदलतच नाही का? बदलते, पण सूर्य उगवण्या-मावळण्यापेक्षा त्याचा संबंध टँकर कधी रिकामा झाला याच्याशी जास्त आहे. समजा, टाकीत ३० अंशांचे आठ हजार लिटर पेट्रोल शिल्लक आहे. डेपोच्या उघड्यावरच्या टाक्यांतून भरलेला आणि भर उन्हात रस्ता कापून आलेला टँकर संध्याकाळी त्यात ३८ अंशांचे बारा हजार लिटर ओततो. मिश्रणाचे तापमान ३५ अंशांच्या जवळ जाते. भोवतालची वाळू ही उष्णता सावकाश ओढून घेते, त्याला काही दिवस लागतात. चालू पंपावर तोवर पुढचा टँकर आलेला असतो. आता दुसऱ्या दिवशी पहाटे गार वाऱ्यात पेट्रोल भरायला आलेल्या माणसाला आदल्या दुपारच्या ग्राहकापेक्षा चार-पाच अंशांनी गरम पेट्रोल मिळते. त्याचे नुकसान ३० लिटरमागे १४० ते १७५ मिलिलिटर, म्हणजे पहाटेच्या मानलेल्या फायद्याच्या चौपट-पाचपट. हवेच्या गारव्यावरून नोझलमधल्या इंधनाचे तापमान ओळखणे किती फसवे आहे, ते यात दिसते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. टाकी जमिनीखाली असली तरी पंपाचे यंत्र आणि रबरी नळी उघड्यावर असते, तिथले पेट्रोल तर तापणारच. नळीत साधारण एक लिटर पेट्रोल मावते. मोटारीत ३० लिटर भरणाऱ्याला या लिटरने फरक पडत नाही. पण शंभर रुपयांचे पेट्रोल भरणाऱ्या दुचाकीस्वाराची सारी खरेदी त्या नळीतलीच असते. पंधरा अंशांचा पूर्ण फरक धरला, तर त्याला लिटरमागे १५ ते २० मिलिलिटर, म्हणजे दीड-दोन रुपयांचा फटका बसू शकतो. अट एकच: नळी बराच वेळ उन्हात न वापरता पडून असायला हवी. वर्दळीच्या पंपावर आधीचा ग्राहक नळी जमिनीखालच्या पेट्रोलने धुऊन गेलेला असतो. पहाटे भरण्याच्या सल्ल्यात जे काही खरे उरते, ते एवढेच आहे आणि ते आडरस्त्यावरच्या सामसूम पंपापुरते. दुपारी वाफ जास्त उडते, हा दुसरा आक्षेप. टाकी भरताना जी वाफ बाहेर ढकलली जाते, ती आपल्याच टाकीत आधीपासून साठलेली असते. मोजलेले द्रव पेट्रोल टाकीत उतरतेच. ती वाफ श्वासात जाऊ नये हे महत्त्वाचे, पण मापाशी तिचा संबंध नाही.

तिसरा प्रश्न न्यायाचा आहे. तापमानाने इतका फरक पडतो म्हणून तेल उद्योग घनता १५ अंशांवर आणून मोजतो, मग ग्राहकाचा लिटर त्या मापाने का नाही? कॅनडात हे केले गेले आहे. तिथले बहुतेक पंप तापमान मोजून लिटर १५ अंशांवर आणतात. थंड देशात हे विक्रेत्याच्या सोयीचे आहे, कारण गार पेट्रोलचा लिटर वजनाला भारी असतो. कॅलिफोर्नियासारख्या उष्ण राज्यात हाच विचार झाला, तेव्हा तिथल्या ऊर्जा आयोगाने २००९ मध्ये निष्कर्ष काढला, की यंत्रणा बसवण्याचा खर्च ग्राहकाच्या लाभापेक्षा जास्त होईल. कारण सरळ आहे. लिटर मोठा झाला की लिटरचा भावही त्या प्रमाणात वाढतो, आणि नव्या उपकरणांचा खर्च वर चढतो. माझ्या मते आपल्याकडेही ग्राहकाच्या नोझलवर ही यंत्रणा आणून हाती फारसे लागणार नाही. टँकरच्या पातळीवर मात्र गोष्ट वेगळी आहे. वीस हजार लिटरवर पाच अंश म्हणजे शंभर लिटरहून जास्त. डेपोत गरम भरलेला माल टाकीत निवून आक्रसला, की पंपचालकाला दिसणारी तूट चोरीची नसून तापमानाची असू शकते. तिथे मोजमाप १५ अंशांवर आणण्याचा आग्रह रास्त आहे.

ग्राहकाला तापमानाचे ज्ञान खरोखर उपयोगी पडते ते घनता तपासताना. पंपावर दिसणारी घनता १५ अंशांवर आणलेली असते आणि मागितल्यास हायड्रोमीटर व थर्मामीटरने ती तपासून दाखवावी लागते. समजा, नोंद ७४५ ची आहे. दुपारी नमुना काढला, थर्मामीटर ३५ अंश दाखवतो आणि हायड्रोमीटर ७२८. घाईत असलेला ग्राहक भेसळ म्हणून ओरडेल. पण पेट्रोलची घनता दर अंशाला साधारण ०.८५ ने उतरते. वीस अंशांचे सतरा मिळवले की बरोबर ७४५ येतात, माल चोख आहे. आता तोच नमुना ३५ अंशांना ७३६ दाखवू लागला, तर आकडा नोंदीच्या जवळ दिसतो आणि ग्राहक निर्धास्त होतो. हिशेब केला तर १५ अंशांची घनता ७५३ निघते. मान्य फरक तीनचा आहे, इथे तो आठ झाला. रॉकेलसारखे जड काही मिसळले असल्याची शंका इथे घ्यायला हवी. पंपावर यासाठी छापील तक्ता असतो, तोंडी हिशेब करायचीही गरज नाही. थर्मामीटर न लावता नुसता हायड्रोमीटर बुडवून दाखवला, तर ती तपासणी मान्य करू नये.

मापाची शंका असेल तर पाच लिटरचे शिक्का मारलेले माप मागावे. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतची चूक कायद्याला चालते, म्हणजे अर्धा टक्का. ३० लिटरवर ती १५० मिलिलिटर होते. टाकीतले पेट्रोल चार-पाच अंशांनी गरम झाल्यावर जितका फरक पडतो, तेवढी ही सूटच आहे. मीटर त्या सुटीच्या कोणत्या टोकाला आहे हे मापाने दोन मिनिटांत कळते, आणि ही तपासणी भर दुपारी केली तरी चालते.