तारीख नसलेला पैसा

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मेव्हण्याचा फोन आला. निफाडजवळ त्याची द्राक्षबाग आहे. एरवी फोन उचलला की आधी हवामान, मग बागेचं आणि मग घरच्यांचं बोलणं होतं. या वेळी त्याने थेट सुरुवात केली, "दाजी, खात्यातून तीन लाख सत्तर हजार गेले."

"ओटीपी कुणाला दिलास का?"

"कुणाला देणार? पासबुक भरून आणलं, त्यात दिसलं. १५ तारखेला व्यापाऱ्याचा चार लाखांचा चेक जमा झाला आणि त्याच रात्री तीन सत्तर बाहेर. खाली शिल्लक बरोब्बर पन्नास हजार."

बरोब्बर पन्नास हजार म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. चोर असा गोल आकडा मागे ठेवत नाही, बँक ठेवते. पासबुकातली ती ओळ त्याला वाचायला लावली. 'ट्रान्सफर टू डिपॉझिट' आणि पुढे एक लांबलचक खाते क्रमांक. पैसे त्याच्याच नावावर, त्याच शाखेत, मुदत ठेवीत गेले होते. मागच्या दिवाळीत खात्याचा प्रकार बदलताना कुणीतरी त्याच्याकडून एका फॉर्मवर सही घेतली होती. "जास्त व्याज मिळेल" एवढंच त्याच्या लक्षात राहिलं होतं.

याला ऑटो स्वीप म्हणतात. खात्यात ठरावीक रकमेपेक्षा, म्हणजे त्याच्या बाबतीत पन्नास हजारांपेक्षा, जास्त पैसे साचले की वरची रक्कम आपोआप मुदत ठेवीत जाते, आणि खात्यात पैसे कमी पडले की लागेल तेवढी ठेव आपोआप मोडून परत येते. बँकांच्या भाषेत जाणं म्हणजे स्वीप-आउट आणि परत येणं म्हणजे स्वीप-इन. काही बँकांत फक्त दुसरा अर्धा भाग मिळतो. तिथे ठेव आपणच करायची आणि खात्याला जोडून द्यायची, मोडण्याचं काम तेवढं आपोआप होतं. ठेव किती रुपयांच्या पटीत मोडायची हेही प्रत्येक बँकेचं वेगळं असतं. कुठे एक रुपया, कुठे हजार, कुठे त्याहून जास्त. सही करण्याआधी हा एक प्रश्न विचारावा.

मेव्हण्याची भीती गेली तशी त्याची कळी खुलली. "म्हणजे मला आता सव्वासहा टक्के मिळणार!"

नाही मिळणार. या सोयीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. स्वीपने तयार झालेली ठेव सहसा वर्षाची असते आणि तिच्यावर वर्षाचा दर छापलेला असतो. पण मोडताना बँक विचारते, पैसा प्रत्यक्षात किती दिवस राहिला? तेवढ्या दिवसांसाठी ठेव ठेवताना जो दर चालू होता तो लावायचा आणि त्यातूनही मुदतीआधी मोडल्याचा दंड कापायचा, असा बहुतेक बँकांचा हिशेब असतो. स्वीपला दंड माफ करणाऱ्या बँका आहेत, पण ते गृहीत धरू नये.

हिशेबासाठी आकडे गोल करून घेऊ. बचत खात्याला अडीच टक्के. देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेने जून २०२५ मध्ये तिथेच दर आणून ठेवला. ठेवीला ७ ते ४५ दिवसांसाठी ३ टक्के, ४६ ते १७९ दिवसांसाठी ५, १८० दिवस ओलांडले की पावणेसहा आणि पूर्ण वर्षाला सव्वासहा. दंड अर्धा टक्का. आता चाळीस दिवसांनी ठेव मोडली तर तीनातून अर्धा गेला, उरले अडीच. बचत खात्यात तसेच पडून राहिले असते तरी तेवढेच मिळाले असते. एवढा प्रवास करून पैसा जिथून निघाला तिथेच आला.

आणि सात दिवसांच्या आत मोडली तर? तर शून्य. मुदत ठेवीची किमान मुदतच सात दिवसांची आहे, त्याआधी मोडलेल्या रकमेला ठेवीचं व्याज मिळत नाही. ती बचत खात्यात नव्हती म्हणून बचतीचंही मिळत नाही. २०१० पासून बचत खात्यावर रोजच्या शिलकेनुसार व्याज मोजतात, त्यामुळे तिथे एक दिवसही वाया जात नाही. स्वीपमध्ये जातो.

माझी पुतणी पुण्यात नोकरी करते. तिने हौसेने ही सोय घेतली. खात्यात आठ हजार होते, एक तारखेला एक लाख दहा हजार पगार आला, रात्रीत अडुसष्ट हजार ठेवीत गेले. तीन तारखेला अठ्ठावीस हजार घरभाडं, पाच तारखेला बेचाळीस हजारांचा गृहकर्जाचा हप्ता. खात्यात पन्नास होते, लागले सत्तर. वीस हजारांची ठेव चार दिवसांत मोडली, व्याज शून्य. अठरा तारखेला क्रेडिट कार्डाचं पस्तीस हजारांचं बिल. त्यासाठी मोडलेल्या ठेवीला सतरा दिवसांचे तीन वजा अर्धा, म्हणजे तेच अडीच टक्के. तिचा तोटा किती, तर त्या वीस हजारांवरचे साडेपाच रुपये. पैशाचं दुःख नाही. पण तिचं स्टेटमेंट आता कुणालाच वाचता येत नाही. घराच्या कर्जाचा हप्ता वाढवून घ्यायला गेली तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, "मॅडम, दर महिन्याला एवढ्या एफडी का मोडता?" ती मला म्हणाली, "काका, मी काहीच केलं नव्हतं हो."

पगारदाराचा महिन्यात येऊन महिन्यात जाणारा पैसा या सोयीसाठी नाही. मेव्हण्याचा आहे का? त्याचं वर्ष पाहा. एप्रिलमध्ये खरड छाटणी उरकलेली, माल विकलेला, हातात पैसा. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तेव्हा मजुरांची टोळी, पेस्ट, औषधं, सगळा खर्च एकदम. मधले सहा महिने पैसा बसून. १५ एप्रिलचे तीन लाख सत्तर हजार १५ ऑक्टोबरपर्यंत राहिले तर १८३ दिवस होतात. बचत खात्यात त्यावर साधारण चार हजार सहाशे रुपये मिळाले असते. स्वीपमध्ये पावणेसहा वजा अर्धा, सव्वापाच टक्क्यांनी नऊ हजार सातशेच्या वर. पाच हजारांचा फरक. ही सोय अशा पैशासाठी आहे.

पण मग माझ्या डोक्यात आलं, छाटणीची तारीख तर त्याला एप्रिलमध्येच माहीत आहे! तेवढ्याच दिवसांची साधी ठेव, मुदत पूर्ण होऊ देऊन, ठेवली असती तर दंड नाही, पूर्ण पावणेसहा टक्के, म्हणजे दहा हजार सहाशेच्या वर. स्वीपपेक्षा नऊशे रुपये जास्त. हे नऊशे म्हणजे 'कधी लागतील सांगता येत नाही' याची किंमत. ज्या पैशाची तारीख माहीत आहे त्याच्यासाठी ती का मोजायची? गारपीट, दवाखाना, मोटार जळणं, मुलाची फी अचानक वाढणं यांना तारीख नसते. त्यांच्यासाठी मोजावी.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती काउंटरवर कुणी सांगत नाही. त्याचा दीड लाखांचा दुसरा चेक ५ मे रोजी आला, त्याची दुसरी ठेव झाली. ४ जूनला औषधांच्या दुकानदाराला द्यायला खात्यात एक लाख वीस हजार कमी पडले. कोणती ठेव मोडायची? बहुतेक बँका शेवटची ठेव आधी मोडतात, काही ठिकाणी पहिली आधी असाही पर्याय घेता येतो. शेवटची आधी मोडल्यावर तीस दिवसांचे अडीच टक्के, म्हणजे २४७ रुपये हातात आले. पहिली मोडली असती तर पन्नास दिवस झाले होते, साडेचार टक्क्यांनी ७४० आले असते. तो चिडला. पण शेवटची मोडल्यामुळे जुनी ठेव अखंड राहिली आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत १८० दिवसांची रेघ ओलांडते. नवी ठेव तोपर्यंत ओलांडत नाही. शेवटपर्यंतचा हिशेब केला तर या एक लाख वीस हजारांवर शेवटची आधी मोडण्यात अडीचशे रुपये जास्त पडतात. मात्र सगळा पैसा १ ऑक्टोबरलाच काढला असता तर दोन्ही ठेवी रेघेच्या अलीकडेच राहिल्या असत्या आणि उलट दोनशे रुपयांचा तोटा झाला असता. तेव्हा 'शेवटची आधी' नेहमीच फायद्याची, हे कुणी ठासून सांगितलं तर रेघ कुठे आहे ते विचारा. माझ्या मते अडीचशे रुपयांसाठी एवढी डोकेफोड करू नये. पण १८० दिवसांना दोन-चार दिवस उरले असतील तर दुकानदाराला चार दिवस थांब म्हणावं, एवढं नक्की.

कराचं थोडक्यात. मेव्हण्याचा समज असा की शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून त्यावरचं व्याजही करमुक्त. तसं नाही. पैसा बँकेत गेला की त्याचं व्याज हे साधं व्याज, शेतीचं उत्पन्न नव्हे. आणि बचत खात्याच्या व्याजाला जुन्या करपद्धतीत दहा हजारांपर्यंत वजावट मिळते ती साठीखालच्या माणसाला ठेवीच्या व्याजावर मिळत नाही. स्वीपने आलेलं व्याज ठेवीचंच. बचत खात्याच्या व्याजावर बँक टीडीएस कापत नाही, ठेवीच्या व्याजावर कापते. २०२५-२६ मध्ये वर्षाला पन्नास हजारांच्या वर, ज्येष्ठांना एक लाखाच्या वर. ठेव विमाही दोन्हीकडचा मिळून एका बँकेत पाच लाखांचाच आहे, ठेवीत गेलं म्हणून कवच वाढत नाही.

मागच्या सोमवारी तो शाखेत जाऊन आला. आता पुढच्या वर्षी माल विकला की मजुरी आणि पेस्टचे अडीच लाख लगेच गोडी छाटणीच्या तारखेपर्यंतच्या साध्या ठेवीत घालायचे, बाकीचे स्वीपमध्ये राहू द्यायचे असं ठरलंय. पन्नास हजारांची मर्यादा ऐंशीवर नेता येईल का तेही त्याने विचारलं. त्या खात्यात ती सोय नव्हती.

"आणि दाजी," तो म्हणाला, "ॲपमध्ये शिल्लक साडेचार लाख दिसते आणि पासबुकात पन्नास हजार. कुणाचं खरं धरू?"

दोन्ही खरी आहेत. ॲप ठेवीसकट सांगतं, पासबुक ठेवीशिवाय. त्याने पासबुक बायकोला दाखवायचं ठरवलंय.